रक्तदाबयंत्राचं रशियन माहितीपत्रक आणि उलट अनुवाद: कामाच्या नोंदी

26 फेब्रुवारी 2024

भोसरीच्या एका छोट्या कंपनीचं काम आलं. घरी वापरायचं रक्तदाबयंत्र रशियात पाठवायचंय. त्यासोबतचं माहितीपत्रक आणि रुग्णाने रोज भरायची चार पानी डायरी, दोन्ही इंग्रजीतून रशियनमध्ये हवंय. एकूण 1,460 शब्द. कंपनीत रशियन कुणालाच येत नाही, म्हणून गुणवत्ता विभागाच्या साहेबांची अट अशी: रशियन मजकूर तिसऱ्याच माणसाकडून परत इंग्रजीत आणायचा आणि मूळ इंग्रजीशी ताडून दाखवायचा. म्हणजे बॅक ट्रान्सलेशन. मी त्याला उलट अनुवाद म्हणते.

मी स्वतः रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले, पण वैद्यकीय मजकूर रशियनमध्ये लिहायचं धाडस करत नाही. अनुवाद कझानच्या एका अनुवादिकेकडे दिला, ती आधीपासून ओळखीची आहे. माझ्याकडे समन्वय आणि ताडणी. तपासणीपोटी कंपनीला 6,000 रुपये सांगितले. हा आकडा अंदाजाने सांगितला आणि तो चुकला, ते पुढे येईलच.

आणखी एक अट होती. इशाऱ्यांचा परिच्छेद त्यांच्या आधीच्या मॉडेलच्या रशियन पत्रकात आहे, "तो मंजूर झालेला आहे, तसाच घ्या." मी हो म्हटलं. तेव्हा वाटलं, तेवढेच शब्द वाचले.

1 मार्च

रशियन मजकूर आला. साधारण 1,190 शब्द भरले. रशियनमध्ये आर्टिकलं नसतात, त्यामुळे शब्द नेहमीच कमी होतात. उलट अनुवादाचा दर ठरवताना कोणत्या भाषेचे शब्द मोजायचे ते आधीच लिहून घ्या. मी रशियन शब्दांवर 3 रुपये ठरवले, मुंबईच्या एका ओळखीच्या अनुवादकाशी. त्याला फाइल पाठवली.

4 मार्च

उलट अनुवाद आला आणि इतका छान जुळला की मी सकाळी खूश होते. दुपारी शंका आली. मूळ इंग्रजीत एके ठिकाणी "5 (five) minutes" असं कारकुनी पद्धतीने, आकडा आणि कंसात अक्षरं, लिहिलंय. रशियनमध्ये बाईंनी नुसता 5 ठेवला होता. उलट अनुवादात मात्र कंसातला "five" परत आला. रशियनमध्ये नसलेला शब्द रशियनमधून कसा निघेल?

फोन केला. तो प्रामाणिक माणूस, लगेच म्हणाला, "अहो, एक्सेलमध्ये बाजूचा रकाना होता की. मला वाटलं मदतीसाठी ठेवलाय." चूक सर्वस्वी माझी. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमधून दोन रकान्यांची फाइल काढली, इंग्रजीचा रकाना नुसता लपवला आणि पाठवून दिली. लपवलेला रकाना एका क्लिकमध्ये उघडतो. त्याचे 3,570 रुपये दिले, काम बाजूला ठेवलं. मूळ एकदा पाहिलेला माणूस पुन्हा उपयोगाचा नाही, त्यामुळे त्याच्याकडूनच दुसऱ्यांदा करून घेणंही शक्य नव्हतं.

आता फक्त रशियन मजकूर नव्या, कोऱ्या वर्ड फाइलमध्ये चिकटवते. फाइलचं नावही बदलते, कारण जुन्या नावात यंत्राचं इंग्रजी मॉडेलनाव होतं. ते शोधलं की कंपनीचं इंग्रजी पत्रक नेटवर सापडतं.

5 मार्च

दुसरा माणूस मिळाला. इंग्रजी मातृभाषा, रशियात बरीच वर्षं राहिलेला. घाईचं काम म्हणून 4 रुपये शब्द. या वेळी सूचना लिहूनच दिल्या: वाक्य गोड करू नका, रशियनमध्ये जे आहे तेच आणा, एखाद्या शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर दोन्ही लिहा, आणि चूक दिसली तर ती सुधारू नका, तशीच येऊ द्या आणि शेजारी शेरा मारा. शेवटच्या सूचनेवर मी फार जोर दिला नाही. द्यायला हवा होता.

8 मार्च

महिलादिनाची रशियात सार्वजनिक सुट्टी, शुक्रवार असल्यामुळे जोडून शनिवार-रविवार. अनुवादिकेला दोन शंका विचारायच्या होत्या, सोमवारपर्यंत उत्तर नाही. आपल्याकडेही आज महाशिवरात्र, कंपनी बंद. वेळापत्रकात हे तीन दिवस धरलेच नव्हते.

11 मार्च

दुसरा उलट अनुवाद आला. आज दिवसभर ताडणी. तीन रकाने: मूळ इंग्रजी, उलट अनुवाद, माझा शेरा. फरक पडलेल्या ओळी 74. त्यातल्या 47 ठिकाणी नुसता शब्दांचा फरक, "बिगिन"च्या जागी "स्टार्ट" छापाचा. 18 ठिकाणी रशियन बरोबर होतं आणि गोंधळ उलट अनुवादाने घातला होता. खऱ्या चुका 9.

त्या नवांपैकी एकीनेच सगळे पैसे वसूल केले. मूळ वाक्य: दुसऱ्यांदा रक्तदाब मोजण्याआधी किमान 2 मिनिटं थांबा. उलट अनुवादात आलं: 2 मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. रशियन पाहिलं तर खरंच "ने मेनेये" (पेक्षा कमी नाही) ऐवजी "ने बोलेये" (पेक्षा जास्त नाही) पडलं होतं. एका शब्दाने सूचना उलटी झाली. मी हे वाक्य 1 तारखेला वाचलं होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं होतं, कारण शेजारी इंग्रजी होतं आणि डोक्याने तेच वाचलं. आकडे, नकार, गळलेली वाक्यं यांत उलट अनुवाद चोख काम करतो. बाकीच्या आठांत एक गळलेलं वाक्य होतं, उरलेल्या किरकोळ.

12 मार्च

इथे मोठी चूक केली. गाळणी न लावता 74 ओळींचा अख्खा तक्ता कंपनीला पाठवला. साहेबांनी सगळ्या ओळी लाल करून परत पाठवला आणि फोन केला.

"मॅडम, खांद्यावर पट्टा? आपलं यंत्र दंडाचं आहे. आणि इथे खांद्याचा घेर 22 ते 32 सेंटिमीटर लिहिलाय. कुणाचा खांदा असतो असा?"

उलट अनुवादात खरोखर "शोल्डर" होतं. रशियन शब्द "प्लिचो". रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ खांदा, पण शरीरशास्त्रात कोपरापासून खांद्यापर्यंतचा भाग. रशियातल्या दुकानांतही दंडाच्या यंत्राला "प्लिचोवरचं" यंत्रच म्हणतात. उलट अनुवादकाने पहिला अर्थ उचलला. दोन अर्थ लिहायची सूचना त्याने इतर ठिकाणी पाळली, इथे विसरला.

मी वीस मिनिटं इंग्रजीत समजावत होते, शरीरशास्त्र वगैरे. साहेब ऐकेनात. शेवटी म्हटलं, "साहेब, प्लिचो म्हणजे दंड. आणि रुका म्हणजे आपला हात, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा." त्यांच्या लगेच ध्यानात आलं. इंग्रजीत "आर्म" आणि "हँड" वेगळे, त्यामुळे रशियन "रुका" परत आणताना अनुवादकाला दोघांतून एक निवडावाच लागतो आणि निम्म्या वेळा तो मुळाशी जुळत नाही. मराठी "हात" आणि रशियन "रुका" यांची मापं सारखीच. 18 खोट्या गजरांपैकी 7 या एका शब्दाचे होते.

बॅटरीच्या ओळीत 1,5 व्होल्ट पाहून "टायपिंगची चूक" असा शेरा होता. रशियनमध्ये दशांशाला स्वल्पविरामच वापरतात. तो मिटवायला एक मिनिट लागलं. पण गाळूनच पाठवायला हवं होतं. ज्याला भाषा येत नाही त्याच्या हातात कच्चा तक्ता दिला की त्याला प्रत्येक ओळ सारखीच भयंकर दिसते.

13 मार्च

तोच तक्ता काल अनुवादिकेलाही गेला होता. तिला राग आला असावा, पण तिने तो निराळ्या पद्धतीने काढला: ज्या ज्या ओळी लाल होत्या तिथे रशियन बदलून टाकलं, उलट अनुवाद जुळेल असं. "प्लिचो"च्या जागी "हाताचा वरचा भाग". "हात टेबलावर ठेवा"च्या जागी "तुमचा हात तुमच्या टेबलावर ठेवा", कारण इंग्रजीत "युअर" आहे. रशियन माणूस असं बोलत नाही. ज्याचा हात त्याचाच असणार, "तुमचा" कशाला, आपल्यासारखंच. हे परत इंग्रजीत नेलं तर शंभर टक्के जुळेल आणि तक्ता हिरवागार होईल. वाचणाऱ्या रशियन आजीला मात्र ते मशिनने लिहिल्यासारखं वाटेल.

दुपारी तिच्याशी बोलले. ठरलं असं की 9 खऱ्या चुका सोडून बाकी सगळं 1 तारखेच्या मजकुरावर परत न्यायचं. "प्लिचो" ठेवायचं, पण पहिल्या उल्लेखाशेजारी "पट्ट्याची खालची कडा कोपराच्या घडीपासून 2–3 सेंटिमीटर वर" हे वाक्य आणायचं. ते मुळात पुढच्या पानावर होतं. साहेबांची भीती अगदीच खोटी नव्हती, सामान्य माणूस प्लिचोचा अर्थ खांदा घेऊ शकतो. आकृतीही तिथेच हलवली.

यापुढे अनुवादकाला उलट अनुवाद होणार हे आधी सांगायचं नाही, असं काही जण करतात. मला ते पटत नाही. सांगायचं, पण तक्ता द्यायचा नाही, फक्त खऱ्या चुका द्यायच्या.

14 मार्च

परवाच्या "दंड"वरून सुचलं म्हणून आज डायरीची सगळी वाक्यं आणि पत्रकातल्या मुख्य सूचना, मिळून 31 वाक्यं, मी स्वतः रशियनमधून मराठीत आणली. अडीच तास गेले. इंग्रजी उलट अनुवादात पूर्ण बरोबर ठरलेल्या दोन गोष्टी मराठीत येताच डोळ्यांत खुपल्या.

पहिली डायरीतली. रुग्णाने खूण करायचं वाक्य: "आय फरगॉट टु टेक माय मेडिसिन." रशियनमध्ये "झबील" लिहिलेलं. इंग्रजीत परत आणलं की "आय फरगॉट", अचूक. मराठीत आणायला गेले आणि लेखणी थांबली: विसरलो की विसरले? "झबील" म्हणजे "विसरलो". बाईने "झबीला" म्हणायचं. अख्खी डायरी पुरुषाने भरायची, अशीच लिहिली गेली होती. इंग्रजीला क्रियापदाचं लिंग दिसतच नाही, त्यामुळे ही चूक कुठल्याही इंग्रजी उलट अनुवादात कधीच सापडणार नाही. रशियन अर्जांत शेवटचं अक्षर कंसात टाकून दोन्ही रूपं देतात. सहा वाक्यांत तसं करून घेतलं.

दुसरी जास्त सूक्ष्म आहे. "सकाळी आणि संध्याकाळी रक्तदाब मोजा." रशियन क्रियापदांच्या जोड्या असतात: एक रूप एकदाच, पूर्ण होणाऱ्या कामासाठी, दुसरं वारंवार करायच्या कामासाठी. पत्रकात "इझ्मेर्ते" होतं, म्हणजे "एकदा मोजून घ्या". रोज मोजायचं तर "इझ्मिर्याय्ते". इंग्रजीत दोन्ही "मेझर". मराठीत पहिलं "मोजा", दुसरं "मोजत जा". "नोंद लिहा" आणि "लिहीत जा" याचंही तसंच. रशियन वाचकाला पहिलं रूप साफ चूक वाटेलच असं नाही, पण महिनाभर चालवायच्या डायरीत ते विचित्र वाटतं, आणि एखादा पहिल्याच दिवशी दोनदा मोजून थांबू शकतो. अनुवादिकेला विचारलं तर म्हणाली, मूळ इंग्रजीत एकच क्रियापद सगळीकडे असल्यामुळे घाईत एकच रूप चालत गेलं. चार ठिकाणी बदललं.

माझा मराठी रकाना अधिकृत तपासणी नाही, कारण मी मूळ पाहिलेलं आहे. तो मी कंपनीच्या फाइलला जोडला नाही, साहेबांना वेगळा पाठवला. त्यांना तोच सर्वांत आवडला.

16 मार्च

आज शेवटची खात्री म्हणून आगाऊ खर्च केला. पुण्यात राहणाऱ्या एका रशियन परिचारिकेला फक्त रशियन मजकूर दिला. शेजारी इंग्रजी नाही, तक्ता नाही, काम काय आहे तेही सांगितलं नाही. वाचा आणि जिथे अडखळाल तिथे खूण करा, एवढंच. 2,000 रुपये.

तिने चार खुणा केल्या. तीन किरकोळ. चौथी इशाऱ्यांच्या परिच्छेदात. तिने विचारलं, "घसा दुखत असेल तर रक्तदाब मोजण्याआधी डॉक्टरला का विचारायचं?"

मला आधी कळलंच नाही. मूळ इंग्रजीत आहे: अंजायना किंवा अनियमित ठोके असतील तर वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या. रशियन परिच्छेदात "आंगिना". दिसायला तोच शब्द. पण रशियनमध्ये आंगिना म्हणजे टॉन्सिल सुजून घसा दुखणं, आणि हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्या अंजायनाला म्हणतात "स्तेनोकार्दिया". मी हे शिकलेले आहे! वर्गात फसव्या जोड्यांच्या यादीत हा शब्द असतो. तरी चार वेळा वाचून माझ्या हातून सुटला.

हा तोच जुन्या मॉडेलचा "मंजूर" परिच्छेद. अनुवादिकेने त्याला हात लावला नव्हता, कारण मीच लावू नका म्हटलं होतं. पण उलट अनुवादात का सापडला नाही? तिथे "अंजायना" असंच आलं होतं, मुळाशी अक्षरशः जुळलेलं, आणि माझ्या 74 ओळींत ही ओळ नव्हतीच. रात्री त्या अनुवादकाला विचारलं. म्हणाला, "आंगिनाचा अर्थ मला माहीत आहे. पण रक्तदाबाचं पत्रक आहे, तर हृदयाचंच म्हणायचं असणार, म्हणून अंजायना लिहिलं." म्हणजे त्याने चूक ओळखली, मनातल्या मनात दुरुस्त केली आणि आमच्यापासून लपवली. त्याच्या बाजूने ते सौजन्यच होतं. जाणकार माणूस मजकूर सुधारतो, आणि इथे नेमकं तेच नको असतं.

सूचनांच्या पत्रात "चूक सुधारू नका" ही ओळ आता सर्वांत वर, ठळक अक्षरांत आहे. शिवाय एक उदाहरण जोडलंय: "मजकुरात घसा दुखण्याचा शब्द असेल तर घसाच लिहा, संदर्भ हृदयाचा असला तरी." नुसत्या नियमापेक्षा उदाहरणाने जास्त काम होतं, असं पहिल्या खेपेवरून वाटतं. आणि जुळलेल्या ओळींपैकी ज्यांत इंग्रजीसारखेच दिसणारे वैद्यकीय शब्द आहेत, त्या मी आता शब्दकोशात वेगळ्या पाहते. या पत्रकात तसे 11 शब्द निघाले. बाकीचे दहा बरोबर होते.

18 मार्च

साहेबांना आंगिनाचं सांगितलं. फोनवर थोडा वेळ शांतता. जुनं मॉडेल त्याच परिच्छेदासह आधीच विकलं गेलंय. तो आता त्यांचा प्रश्न आहे, त्यांनी लेखी मागितलं, मी लिहून दिलं. परिच्छेद नव्याने अनुवाद करून घेतला आणि बदललेल्या सगळ्या वाक्यांचाच त्या दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा उलट अनुवाद करून घेतला, अख्ख्या पत्रकाचा नाही. या वेळी त्याने तीन ठिकाणी शेरे मारले, त्यातला एक कामाचा होता. याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत.

हिशेब: पहिला वाया गेलेला 3,570, दुसरा 4,760, परिचारिका 2,000. एकूण 10,330, आणि कंपनीकडून येणार 6,000. माझे ताडणीचे आणि फोनचे साधारण 19 तास यात धरलेले नाहीत. पुढच्या वेळी तपासणीचा दर अनुवादाच्या दरात न मिसळता वेगळा लावणार, आणि एकभाषिक वाचकाचे पैसे पहिल्याच कोटेशनमध्ये टाकणार.

21 मार्च

डिझायनरकडून छपाईचं प्रूफ आलं. माझ्या मते काम 18 तारखेलाच संपलं होतं, तरी पीडीएफमध्ये शोधाच्या चौकटीत सहज "आंगिना" टाकून पाहिलं. एक निकाल. डिझायनरला रशियन येत नाही. इशाऱ्यांची चौकट त्याने जुन्या मॉडेलच्या फाइलमधून उचलून बसवली होती, कारण तिची रचना तयार होती. आमची सगळी तपासणी वर्ड फाइलवर झालेली, आणि छापायला जाणार होती ही.

आता प्रूफमधला मजकूर बाहेर काढून मंजूर वर्ड फाइलशी सॉफ्टवेअरने ताडते, अक्षर न् अक्षर. आज इशाऱ्यांशिवाय आणखी दोन फरक निघाले: एका ओळीत दशांशाचा स्वल्पविराम जाऊन टिंब आलं होतं, आणि डायरीत कंसातलं स्त्रीलिंगी अक्षर पुढच्या ओळीवर एकटंच पडलं होतं. तिन्ही दुरुस्त्या डिझायनरला पाठवल्या. सुधारित प्रूफ शनिवारी मिळेल.